ब्लूम फिल्टर: मेमरी दुप्पट केली तरी खोटे होकार कमी होईनात

अक्षरवेल

नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण मिळून जुने मराठी ब्लॉग आणि बंद पडत चाललेल्या साइट यांची पानं उतरवून जपून ठेवतो. एका पानावरचे दुवे काढायचे, त्यातले न पाहिलेले रांगेत टाकायचे, मग ती पानं उतरवायची, असं चक्र सतत चालू असतं. "हा दुवा आधी पाहिलाय का?" हे विचारायला ब्लूम फिल्टर वापरतो, म्हणजे दुवा न साठवता हॅशनं त्याच्या काही जागा काढून तिथले बिट १ करायचे, आणि पुढे त्या सगळ्या जागा १ दिसल्या की "पाहिलंय" म्हणायचं, मग कधी कधी न पाहिलेल्यालाही खोटा होकार मिळतो. सर्व्हर भाड्याचा आहे, २ जीबी रॅमचा, त्यामुळे सगळे दुवे मेमरीत ठेवणं शक्य नाही.

आकार ठरवताना मी नेहमीचं सूत्र वापरलं. ५ कोटी दुवे, हजारात एक चूक चालेल असं धरलं. n म्हणजे दुवे, p म्हणजे चालणारी चूक, m म्हणजे एकूण बिट आणि k म्हणजे दर दुव्यामागे किती जागा.

```
m = -n * ln(p) / (ln 2)^2
k = (m / n) * ln 2
```

त्यातून दर दुव्यामागे साधारण १४.४ बिट आले, म्हणजे एकूण ७१.९ कोटी बिट, जवळपास ९० एमबी. k आला १०. इथवर सगळं सूत्राबरहुकूम.

गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकीनं लक्षात आणून दिलं की एका ब्लॉगचं नोव्हेंबरचं पान आहे, जानेवारीचं आहे, आणि मधलं डिसेंबरचं नाही. दुवा तर समोर दिसतोय. फिल्टरला विचारलं तर म्हणतो, "पाहिलंय". डिस्कवरच्या यादीत मात्र तो दुवा नाही. म्हणून मी १० लाख बनावट दुवे तयार केले, जे कुठेच असू शकत नाहीत, आणि ते फिल्टरला विचारले. हजारेक खोटे होकार येतील असा अंदाज होता. आले १२,६४१. म्हणजे सव्वा टक्का, ठरवल्याच्या बारापट.

डिस्कवरच्या यादीवरून फिल्टर नव्यानं बांधला, या वेळी दुप्पट मेमरी देऊन, १८० एमबी. खोटे होकार आले ११,६५८. नव्वद एमबी ओतून हजारेकच कमी झाले. सूत्राप्रमाणे ते दहाच्या आत यायला हवे होते. गेले चार दिवस मी यातच अडकले आहे. सूत्र चुकतंय की मी?

वेगेवेगे

k वाढव. जितकी हॅश फंक्शनं जास्त, तितक्या जास्त जागा तपासल्या जातात, तितकी खोट्या होकाराची शक्यता कमी. मी एका कामात ४ वरून ८ केले तेव्हा चुका एकदम खाली आल्या होत्या. १० चे २० करून बघ, मेमरीही वाढणार नाही.

नीलिमा_नाशिक

अक्षरवेल, मला अगदी हाच त्रास झाला होता. फिल्टर डिस्कवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा, तर टाकलेली निम्मीअधिक नावं "नाहीत" म्हणायचा. कारण निघालं ते असं की मी पायथॉनचं साधं `hash()` वापरत होते. पायथॉन ३.३ पासून मजकुराचं ते हॅश प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना वेगळं येतं, `PYTHONHASHSEED` ठरवून दिलं नाही तर. काल टाकताना एका जागी बिट लावला आणि आज शोधताना दुसऱ्याच जागी बघतोय असं होत होतं. तुझंही तेच असणार.

अक्षरवेल

नीलिमाताई, तुमचा त्रास बरोबर उलटा आहे. तुमचा फिल्टर असलेल्याला "नाही" म्हणत होता, माझा नसलेल्याला "हो" म्हणतोय. यादीतले ५ कोटीच्या ५ कोटी दुवे मी परत विचारून पाहिले, सगळ्यांना होकार आला. `hash()` मी वापरत नाही, `mmh3` वापरते. तरी ही गोष्ट ठाऊक नव्हती, लिहून ठेवते.

वेगेवेगे, २० करून पाहिले. खोटे होकार दीड टक्क्यापर्यंत चढले.

वेगेवेगे

चढले? हे मला समजत नाही.

शून्यएक

वेगेवेगे, तुमचं म्हणणं एका हद्दीपर्यंत खरं आहे. विचारताना जास्त जागा तपासल्या जातात हे बरोबर, पण टाकतानाही तेवढेच जास्त बिट लागतात. k १० असताना अक्षरवेलच्या फिल्टरमधले साधारण निम्मे बिट १ असतील. k २० केला की पाऊण बिट १ होतात. निम्म्या भरलेल्या फिल्टरमध्ये दहा जागा निवडल्या आणि सगळ्या १ निघाल्या, ही शक्यता हजारात एक. पाऊण भरलेल्यात वीस जागा निवडून सगळ्या १ निघाल्या, ही शक्यता हजारात तीन. तुमच्या कामात ४ चे ८ केल्यावर फायदा झाला कारण त्या फिल्टरमध्ये बिट रिकामे पडून होते. k पुरेसा नव्हता, एवढंच.

पण हजारात तीन म्हणजे ०.३ टक्के, आणि तिला दिसतोय दीड टक्का. म्हणजे k चा भाग वेगळा आणि आणखी काहीतरी वेगळं. अक्षरवेल, सूत्र थोडा वेळ बाजूला ठेवा. मूळचा ९० एमबीचा, k १० वाला फिल्टर घ्या आणि एकच गोष्ट मोजून सांगा, त्यातले नेमके किती बिट १ आहेत? `bitarray` वापरत असाल तर

```
f = bits.count(1) / len(bits)
print(f, f ** k)
```

एवढंच चालवा आणि दोन्ही आकडे इथे द्या.

कोठीवाला

मध्येच बोलतो. आमच्याकडे कॅसँड्रा डेटाबेस आहे, त्यात `bloom_filter_fp_chance` मूळचंच ०.०१ असतं, लेव्हल्ड कॉम्पॅक्शन असेल तर ०.१. म्हणजे दहा टक्के खोटे होकार चालवून घेतात, आणि काही बिघडत नाही. सव्वा टक्क्यासाठी चार दिवस घालवावेत असं मला वाटत नाही.

शून्यएक

कोठीवाला, तुमच्याकडे खोटा होकार आला की काय होतं? एक फाइल उगाच उघडून पाहिली जाते, त्यात ती किल्ली सापडत नाही, पुढे जायचं. एका डिस्क वाचनाचा भुर्दंड. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली तेव्हाचं उदाहरणही याच जातीचं होतं. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते ठरवणारा प्रोग्राम, ५ लाख शब्द, त्यातले नव्वद टक्के साध्या नियमांनी सुटतात, उरलेल्यांसाठी डिस्कवरचा कोश बघायचा. फिल्टर चुकला तर कोश एकदा उगाच बघितला जातो, उत्तर मात्र बरोबरच येतं.

अक्षरवेलच्या कामात होकार आला की दुवा टाकून दिला जातो. मागे तपासणारं कोणी नाही. ते पान कधीच उतरत नाही, साइट बंद पडली की कायमचं गेलं. ०.०१ पुरतं की नाही हे फिल्टरकडे बघून ठरत नाही, होकारानंतर काय घडतं त्यावरून ठरतं.

कोठीवाला

हे मान्य. आमच्याकडे मागे खरी फाइल असते, हे मी धरूनच चाललो होतो.

अक्षरवेल

मोजलं. f आला ०.५०१. `f ** k` आला ०.००१. म्हणजे भरायला हवा तेवढाच भरलाय आणि हिशेबानं हजारात एकच चूक यायला हवी. पण बनावट दुवे विचारले की परत साडेबारा हजारांच्या आसपासच.

शून्यएक

छान, निम्मं काम झालं. कसं ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर उपयोगी पडेल.

खोटे होकार जास्त येण्याला मुख्यतः दोन कारणं असतात आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिलं म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त माल भरला. तुम्ही ५ कोटी धरले आणि प्रत्यक्षात ८ कोटी टाकले, तर बिट जास्त भरतात. तेव्हा f अर्ध्याच्या बराच वर दिसतो, आणि मोजलेली चूक व `f ** k` या दोन्ही एकमेकींशी जुळतात. तिथे m वाढवायचा. दुसरं म्हणजे f अगदी हवा तसा आहे, पण मोजलेली चूक `f ** k` पेक्षा जास्त. `f ** k` हा हिशेब दहा जागा एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या निवडल्या जातात असं धरूनच केलेला आहे. तो जुळत नाही याचा अर्थ त्या जागा गटानं फिरताहेत. तेव्हा दोष हॅशमध्ये.

तुमचं दुसरं. दहा जागा कशा काढता ते दाखवा.

अक्षरवेल

लेव्हलडीबीचं सोर्स वाचून तसंच पायथॉनमध्ये उतरवलं होतं. एकच हॅश काढायचं आणि त्यालाच फिरवून पुढच्या जागा काढायच्या, म्हणजे दहा वेळा हॅश करावं लागत नाही.

```
h = mmh3.hash(url, signed=False)
d = ((h >> 17) | (h << 15)) & 0xFFFFFFFF
for i in range(k):
    bits[h % m] = 1
    h = (h + d) & 0xFFFFFFFF
```

शून्यएक

सापडलं.

`mmh3.hash` ३२ बिटांचं हॅश देतं. तुमचा `d` सुद्धा त्याच `h` मधून निघतो, त्यात नवीन काही येत नाही. म्हणजे दहाच्या दहा जागा त्या एका ३२ बिटी आकड्यानं ठरतात. असे वेगवेगळे आकडे किती? दोनाचा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी. त्यातले ५ कोटी तुम्ही वापरून टाकलेत. आता एखादा अगदी नवा दुवा आला आणि त्याचा आकडा या ५ कोटींपैकी कुठल्याही एकाशी जुळला, तर एक-दोन जागा नव्हे, दहाच्या दहा जागा त्या जुन्या दुव्याच्याच येणार. फिल्टर "हो" म्हणणारच.

५ भागिले ४२९. करून बघा.

अक्षरवेल

०.०११६. म्हणजे १.१६ टक्के. त्यात फिल्टरचा स्वतःचा ०.१ मिळवला की १.२६. बरोबर मला दिसतोय तो आकडा!

आणि मेमरी दुप्पट केल्यावर फिल्टरचा ०.१ गेला, १.१६ जागच्या जागी राहिला. म्हणून ११,६५८.

शून्यएक

हो. ही हॅशची तळरेषा आहे, m कितीही मोठा करा, त्याखाली तुम्ही जाऊच शकत नाही. आणखी एका खुणेनं खात्री करून घेता येईल. निम्मेच, म्हणजे अडीच कोटी दुवे टाकून फिल्टर बांधा, m आणि k तेच. धड फिल्टर निम्मा रिकामा ठेवला की चूक निम्मी होत नाही, ती कोसळते. तुमच्या आकड्यांत १० लाखांत पाचेक खोटे होकार यायला हवेत. तळरेषेची चूक मात्र मालाच्या प्रमाणात सरळ कमी होते, ती निम्म्यावरच थांबेल.

अक्षरवेल

करून पाहिलं. ५,८०३. निम्म्यावरच थांबली.

वेगेवेगे

मग लेव्हलडीबीत हे चालतं कसं? तिथेही हेच आहे ना?

शून्यएक

चांगला प्रश्न. तिथे सगळ्या डेटासाठी एक मोठा फिल्टर नसतो. फाइलमधल्या दर २ केबी डेटामागे एक छोटा फिल्टर असतो. त्यात किल्ल्या किती, फार तर काही डझन. काही डझन भागिले ४२९ कोटी, म्हणजे तळरेषा शून्यच धरा. तिथे ३२ बिट पुरून उरतात. तेच तंत्र ५ कोटींच्या एका फिल्टरला लावलं की उघडं पडतं. रॉक्सडीबीनं पुढे पूर्ण फाइलला एक फिल्टर ठेवायला सुरुवात केली, किल्ल्या लाखांवर गेल्या, आणि `format_version=5` पासून त्यांनी हॅश ६४ बिटी केलं.

अक्षरवेल, एका हॅशमधून अनेक जागा काढण्याची तुमची कल्पना चुकीची नाही. कर्श आणि मिट्झेनमाखर यांनी २००६ मध्ये दाखवलं की दोन स्वतंत्र हॅश असली की त्यांच्या बेरजांतून हव्या तेवढ्या जागा काढता येतात आणि खोट्या होकारांचं प्रमाण बिघडत नाही. अट एकच, दोन हॅश खरोखर दोन असावीत. तुमच्याकडे एकाचीच दोन रूपं होती. एवढं बदला:

```
h1, h2 = mmh3.hash64(url, signed=False)
for i in range(k):
    bits[(h1 + i * h2) % m] = 1
```

`hash64` एका फेरीत ६४ बिटांचे दोन आकडे देतं, त्यामुळे वेगही फारसा जात नाही. विचारण्याच्या बाजूलाही हाच बदल करा, आणि जुना फिल्टर फेकून यादीवरून नवा बांधा. जुन्या बिटांचा नव्या हॅशशी काही संबंध उरत नाही.

नीलिमा_नाशिक

म्हणजे माझ्याकडे दोनदा हॅश आहे, एकदा बी म्हणजे सीड ० आणि एकदा १ देऊन, दोन्ही ३२ बिटी. हे चालेल का?

शून्यएक

नीलिमाताई, चालेल. बी वेगळं असलं की दोन आकडे स्वतंत्र धरता येतात, म्हणजे मिळून ६४ बिट झाले. एका नव्या दुव्याचे दोन्ही आकडे एकाच जुन्या दुव्याशी जुळणं जवळपास अशक्य. फक्त तुमचा m ४२९ कोटींच्या वर गेला तर काळजी घ्या. बेरीज ३२ बिटांतच ठेवत असाल तर त्यापलीकडच्या जागा निघतच नाहीत, तिथले बिट कायम शून्य राहतात.

टंककार

हॅशचं झालं, पण n बद्दल मला शंका आहे. ५ कोटी दुवे हे खरंच ५ कोटी वेगळे दुवे आहेत का? मराठी दुव्यांत अक्षरं दोन तऱ्हांनी येतात. 'वऱ्हाड' घ्या. काही जण 'ऱ' हे एकच अक्षर वापरतात, युनिकोडमध्ये U+0931. काहींच्या कळफलकावरून साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता येतो, U+0930 आणि U+093C. डोळ्यांना तेच दिसतं, बाइट वेगळे, हॅश वेगळं. तिसरी तऱ्हा म्हणजे र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, ZWJ. एकाच पानाचे तीन दुवे होऊन फिल्टरमध्ये तीन वेळा जागा खातात.

अक्षरवेल

आत्ताच आमच्या यादीत शोधलं. 'वऱ्हाडी' शब्द असलेला एकच दुवा दोनदा सापडला, एक `%E0%A4%B1` असलेला आणि एक `%E0%A4%B0%E0%A4%BC` असलेला. पानही दोनदा उतरवलेलं. हॅश करण्याआधी युनिकोडचं NFC सामान्यीकरण केलं तर पुरेल ना?

टंककार

पहिल्या दोन तऱ्हा NFC नं एक होतात. आधी टक्केवारीचे संकेत उलगडायचे, मग NFC. ZWJ वाली तऱ्हा मात्र NFC हात लावत नाही, ती तशीच राहते. ती स्वतः बदलायची म्हटलं तर जपून, काही सर्व्हरना नेमका तोच जोडक असलेला दुवा लागतो, नाहीतर पान सापडत नाही. मी म्हणेन, फिल्टरला विचारताना आणि त्यात टाकताना सारखं केलेलं रूप वापर, उतरवायला जाताना मात्र मूळ दुवा.

शून्यएक

हे चांगलं सांगितलंत. आकार ठरवताना सगळ्यात जास्त चूक n मध्येच होते. p आणि k वर लोक तासन् तास बोलतात, n मात्र अंदाजानं ठोकून देतात.

अक्षरवेल, तुमचं काम वाढणार असेल तर आजच्या ५ कोटींवर m ठरवू नका. ७१.९ कोटी बिट आणि k १० हेच ठेवून, हॅश दुरुस्त असतानाही, ८ कोटी दुव्यांना चूक १.९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि १० कोटींना साडेपाच टक्क्यांच्या वर. माल दुप्पट झाला की चूक दुप्पट होत नाही, पन्नासपटीच्या पलीकडे जाते. ब्लूम फिल्टर मागून ताणून मोठा करता येत नाही, नव्यानंच बांधावा लागतो.

अक्षरवेल

दोन वर्षांत १० कोटी होतील असं धरते. p हजारात एकच ठेवू का?

शून्यएक

किंमत बघू. p दहापट कमी करायला दर दुव्यामागे ४.८ बिट जास्त लागतात, n कितीही असो. १० कोटी दुव्यांना ते ६० एमबी होतात. हजारात एकला १८० एमबी, दहा हजारांत एकला २४० एमबी. तुमच्या २ जीबीत हे बसतं आणि तुमची चूक म्हणजे हरवलेलं पान, तेव्हा मी दहा हजारांत एक घेईन. १९१.७ कोटी बिट, सूत्राचा k येतो १३.

पण k १३ मी घेणार नाही, १० किंवा ९ घेईन. सूत्राचा k हा फिल्टर नेमका n इतका भरला असतानाचा सर्वोत्तम आकडा आहे. त्याच्या आसपास आलेख अगदी सपाट असतो. तुमच्या जुन्याच मापांत बघा, k १० ला ०.१ टक्का, k ७ ला ०.१३. तीन जागा कमी तपासून जवळजवळ काहीच गमावलं नाही. आणि माल अंदाजापेक्षा जास्त झाला तर कमी k वालाच बरा टिकतो. ८ कोटींना k १० ची चूक १.९ टक्के, k ७ ची १.४. दहा कोटींना ५.७ विरुद्ध ३.६. लेव्हलडीबीतही दर किल्लीच्या बिटांना ०.६९ नं गुणून अपूर्णांक मुद्दाम खाली टाकतात, १० बिटांना ६ च जागा.

कोठीवाला

k कमी घ्यायला आणखी एक कारण आहे. मोठ्या फिल्टरमध्ये प्रत्येक जागा मेमरीत कुठेतरी लांब असते. प्रोसेसरच्या कॅशमध्ये ती नसते, त्यामुळे दर जागेमागे मेमरीची एक फेरी. आमच्याकडे k कमी केल्यानं वाचनाचा वेळ दिसण्याइतका सुधारला होता.

शून्यएक

तुमच्याकडे हो. तिच्याकडे एक पान नेटवरून यायला जेवढा वेळ लागतो त्यापुढे तेरा फेऱ्या काहीच नाहीत. शिवाय "नाही" असलेल्या प्रश्नाला पहिला शून्य बिट दिसताच थांबायचं असतं, निम्म्या भरलेल्या फिल्टरमध्ये सरासरी दोनच जागा बघाव्या लागतात. पूर्ण k फेऱ्या होकारालाच.

सरळसोट

मला मुळातच एक विचारायचंय. ६४ बिटी हॅश काढताच आहात, तर तेच का साठवत नाही? ५ कोटी गुणिले ८ बाइट, ४० कोटी बाइट, म्हणजे ४०० एमबी. लावून ठेवलेल्या यादीत शोधायचं. चूक होण्याची शक्यता ५ कोटी भागिले दोनाचा ६४ वा घात, म्हणजे व्यवहारात कधीच नाही. जिथं होकार म्हणजे पान गमावणं, तिथं ब्लूम फिल्टर वापरणंच मला पटत नाही. तुम्ही चूक किती लहान करायची यावर बोलताय, मी म्हणतो चूकच नको.

शून्यएक

५ कोटींना ४०० एमबी, १० कोटींना ८०० एमबी. आणि लावलेल्या यादीत दर सेकंदाला नवे दुवे घुसवायचे तर ती यादी राहत नाही, हॅश टेबल घ्यावं लागतं, त्यात मोकळी जागा लागते. एक जीबीच्या वर जाईल. २ जीबीच्या सर्व्हरवर क्रॉलर, डेटाबेस आणि हे, जमणं अवघड.

सरळसोट

नवे दुवे वेगळ्या छोट्या टेबलात घ्या आणि रोज रात्री मोठ्या यादीत मिसळा. मोठी यादी डिस्कवरून मेमरीत मॅप करा. जमतं.

टंककार

किंवा फिल्टर पुढे आणि ही यादी मागे. फिल्टर "नाही" म्हणाला तर सरळ उतरवायला घ्या. "हो" म्हणाला तरच डिस्कवरची यादी बघा.

शून्यएक

त्यात अडचण अशी की क्रॉलरला येणारे बहुतेक दुवे खरोखर आधी पाहिलेलेच असतात. प्रत्येक पानावर मुखपृष्ठाचा, संग्रहाचा, मागच्या-पुढच्या लेखाचा दुवा असतो. फिल्टरचं "हो" बहुतेक वेळा खरं "हो" असतं, आणि दर खऱ्या होकारालाही डिस्क बघावी लागेल. फिल्टरनं वाचवायचं ते कामच वाचत नाही. अक्षरवेल, शंभर दुव्यांत किती जुने असतात?

अक्षरवेल

नोंदीत बघितलं, ९४ ते ९६. म्हणजे शंभरातल्या ९५ दुव्यांसाठी डिस्क. आमचा सर्व्हर हे पेलणार नाही असं वाटतं, पण सरळसोट म्हणतात ते मॅप करून करायची गोष्ट मी अजून केलेली नाही.

तोवर इथवरचं सांगते. हॅश बदललं, NFC लावलं, यादीवरून फिल्टर नव्यानं बांधला. आधी जुन्याच मापाचा, म्हणजे ७१.९ कोटी बिट आणि k १०, फक्त तुलनेसाठी. १० लाख बनावट दुव्यांवर खोटे होकार १,०१२. मग १९१.७ कोटी बिट आणि k १० घेऊन. ५ कोटी दुवे आत असताना १० लाखांत शून्य, म्हणून १० कोटी बनावट दुवे विचारले. त्यात ३० आले. हा आकडा फिल्टर भरेल तसा वाढत जाणार हे आता कळलंय, म्हणून दर रविवारी f मोजून नोंद करायचं ठरवलं आहे.

आता हरवलेली पानं. फिल्टर रिकामा असल्यापासून ५ कोटी होईपर्यंत चूक शून्यापासून १.१६ टक्क्यांपर्यंत सरळ चढत गेली, म्हणजे सरासरी ०.५८. ५ कोटींवर ते २ लाख ९० हजार होतात. साठवलेली सगळी पानं परत चाळली, त्यातले दुवे काढून नव्या फिल्टरला विचारले. आधी कधीच न उतरवलेले २ लाख ८८ हजार दुवे निघाले. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या मधला तो डिसेंबरही त्यात आहे. उतरवणं काल रात्रीपासून सुरू केलंय. पहिल्या चाळीस हजारांत साडेतीन हजार पानं आता उघडतच नाहीत.

सरळसोट

त्या साडेतीन हजारांचे दुवे वेगळे ठेवा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला एकेक करून विचारता येईल, काही तरी सापडतील.

अक्षरवेल

हो, वेगळ्या फाइलमध्ये टाकतेय. त्यातला पहिला आत्ताच विचारला, २०११ ची एक प्रत सापडली.